रिक्रूटर मॅडमना व्हॉट्सअ‍ॅप करताना संकोच कसला?

समजा, एका रिक्रूटर मॅडमनी सकाळी अकराला तुम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर एक जागा कळवली. चाकणच्या कंपनीत परचेस एक्झिक्युटिव्ह, चार ते सहा वर्षांचा अनुभव, सॅप यायला हवं, इच्छुक असाल तर सीव्ही पाठवा. तुम्ही चार वर्षं परचेसच बघताय आणि सॅपवर पीओ काढण्यात तुमचा निम्मा दिवस जातो. म्हणजे जागा जवळजवळ तुमच्यासाठीच निघाली आहे. अशा वेळी घाईघाईने नीट उत्तर लिहून मोकळं होऊ नका.

आधी नुसतं ‘हाय’ पाठवा आणि थांबा. मॅडमनी हीच जागा आणखी कितीतरी जणांना कळवलेली असते आणि तुमचा नंबर बहुधा सेव्ह केलेला नसतो. त्यांच्या यादीत एक अनोळखी नंबर आणि पुढे ‘हाय’ एवढंच दिसेल. कुतूहल नको का वाढायला? त्या ‘बोला’ म्हणतील, तुम्ही ‘जॉबबद्दल’ म्हणा. त्या ‘कुठला जॉब?’ विचारतील, कारण त्यांच्या हातात एकाच वेळी चार-पाच जागा असतात. तुम्ही ‘सकाळी पाठवलात तो’ म्हणा. जागेचं नाव मात्र घेऊ नका. घेतलंत, तर दोन दिवसांनी त्यांनी फोनमध्ये ‘परचेस’ शोधल्यावर तुमचा मेसेज सापडायचा.

आता आपुलकी. सुरुवात ‘डिअर’ने करा किंवा थेट ‘ताई’ म्हणा. पाठोपाठ हात जोडलेल्या सात इमोजी आणि गुलाबाचं शुभ सकाळ टाका. हे फार सलगीचं वाटत असेल, तर दुसरं टोक आहेच: ‘आदरणीय महोदया, उपरोक्त विषयास अनुसरून आपणास सविनय कळविण्यात येते की’. फोनवर एवढं वाचेपर्यंत स्क्रीन संपते आणि मुद्दा ‘पुढे वाचा’च्या पलीकडे सुखरूप राहतो.

काही निरस माणसं मात्र हे काहीच करत नाहीत. ती एकाच मेसेजात असं काहीतरी लिहितात:

‘नमस्कार मॅडम, चाकणच्या परचेस एक्झिक्युटिव्हच्या जागेसाठी आठवणीने कळवलंत, मनापासून आभार. मी चार वर्षं ऑटो पार्ट्सच्या कंपनीत परचेस बघतो, सॅप रोजच्या वापरात आहे. नोटीस पिरियड 60 दिवसांचा आहे. सीव्ही सोबत पाठवतोय. आज किंवा उद्या संध्याकाळी सहानंतर फोनवर बोलू शकेन.’

आणि खाली पूर्ण नाव. झालं! ना गुलाब, ना सस्पेन्स. पहिल्याच ओळीत जागेचं नाव, त्यामुळे मॅडमना मेसेज न उघडताच विषय कळतो. ‘आठवणीने कळवलंत’ एवढ्या दोन शब्दांत या माणसाची सगळी माया आटोपते, आणि गंमत म्हणजे ती पोचतेही, कारण आभार नेमक्या कशाचे ते त्यात आहे. अनुभव, नोटीस पिरियड, फोनची वेळ असे जे तीन प्रश्न मॅडम विचारणारच होत्या, त्यांची उत्तरं आधीच देऊन टाकली. मग गप्पा मारायला उरलं काय? पगाराचा आकडाही ते पहिल्या मेसेजात काढत नाहीत. विचारला की सरळ सांगतात. तुम्ही ‘पॅकेज किती?’ने सुरुवात केलीत, तर निदान तुमची निष्ठा कशावर आहे ते तरी स्पष्ट होईल.

सीव्हीचंही तसंच. हे लोक पीडीएफ पाठवतात आणि फाइलला स्वतःचं नाव नि पदाचं नाव देतात. तुम्ही वर्डची फाइल पाठवा, म्हणजे मॅडमच्या फोनवर तिच्यातले तक्ते मोकळेपणाने इकडेतिकडे फिरतील. फाइलचं नाव `Resume_final_new(2)` हेच राहू द्या. या नावाच्या इतरांच्या फाइलींमध्ये तिला सोबत मिळते. नाहीतर सीव्हीच्या छापील प्रतीचा फोटो काढा. कोपऱ्यात चहाचा कप आला तर उत्तम, ऊब दिसते. किंवा सगळी कारकीर्द चार मिनिटांच्या व्हॉइस नोटमध्ये सांगा. मॅडम भर ऑफिसात बसलेल्या असतात, सगळ्यांनाच ऐकता येईल.

निळ्या टिका दिसल्या आणि उत्तर नाही? ते निरस लोक चार-पाच कामाचे दिवस थांबून ‘परचेसच्या जागेबाबत काही ठरलं का, सवडीने कळवाल का?’ एवढीच ओळ लिहितात. तुम्ही दहा मिनिटांनी ‘?’ पाठवा, विसाव्या मिनिटाला ‘??’, आणि रात्री साडेदहाला व्हिडिओ कॉल लावा. त्यांनी कट केला, तर स्टेटस ठेवा: ‘इथे टॅलेंटची कदर नाही, लवकरच दुसरीकडे जातोय.’ मॅडमनी नंबर सेव्ह केलेला नसल्यामुळे त्यांना ते दिसणार नाही. तुमच्या सध्याच्या साहेबांना मात्र दिसेल, त्यांच्याकडे तुमचा नंबर आहे.