रात्री दहाला छाती फुटेपर्यंत पळवायचं आणि सकाळी पावडरचा डबा विकायचा

आज दुपारी भाच्याचा फोन आला. "मामा, चार हजार रुपये देता का? महिन्याच्या शेवटी परत करतो." कशाला रे? तर जिमवाल्या ट्रेनरने सांगितलंय, तुझी रिकव्हरी होत नाही, प्रोटीन कमी पडतंय, अमुक डबा घे. पोरगा तेवीस वर्षांचा. कापडाच्या दुकानात सकाळी दहा ते रात्री साडेआठ उभा असतो. नऊला जिममध्ये, सव्वादहाला बाहेर, पावणेअकराला जेवण, बाराला अंथरुणात. आठवड्यात चार दिवस हे असं, तेही जीव तोडून. सकाळी म्हणे पाय ओढत उठतो. वर व्यायामाआधी दोन घोट 'प्री-वर्कआउट', म्हणजे सरळ कॅफीन.

मी विचारलं, ट्रेनरने तुला झोपेबद्दल एक तरी प्रश्न विचारला का? नाही. एकही नाही.

तेव्हापासून डोकं तापलंय. कारण हे मी स्वतः भोगलंय. गेल्या डिसेंबरात जानेवारीतल्या दहा किलोमीटरची तयारी करत होतो. ऑडिटमुळे ऑफिसातून सुटायला उशीर व्हायचा, म्हणून एका मंगळवारी रात्री सव्वानऊला मैदानावर गेलो. चारशे मीटरचे आठ राउंड, प्रत्येक जोरात, मध्ये दीड मिनिट चालणं. दहा-सव्वादहाला संपवलं. घरी येऊन आंघोळ, भाकरी, आमटी. साडेअकराला पडलो. अंग मोडून आलेलं, डोळे जड, पण उशीवर कान टेकला की कानात ठोके ऐकू यायचे. ठक ठक ठक. बायको म्हणाली, "अहो, थंडीत पंखा कशाला लावताय?" मला उकडत होतं.

सकाळी घड्याळात पाहिलं. एरवी माझी नाडी झोपल्यावर हळूहळू उतरत जाते आणि तीन-साडेतीनला सगळ्यात खाली येते, चौपन्न-पंचावन्नपर्यंत. त्या रात्री एक वाजता सहासष्ट होती. सगळ्यात खाली आली ती एकसष्टवर, तीही पहाटे पाचला. पावणेसहाला गजर. म्हणजे शरीर विसाव्याला टेकलं आणि मी त्याला उठवलं.

गुरुवारी नेहमीच्याच सावकाश वेगाने पळालो तर नाडी आठ-दहाने जास्त. पाय दगड. मलाही वाटलं होतं की खाणं कमी पडतंय!

यात गूढ काही नाही. जोरात पळताना शरीर नाडीचा ब्रेक सोडतं आणि रक्तात अ‍ॅड्रेनालिन ओततं. व्यायाम थांबला म्हणून ते लगेच ओसरत नाही. अंगातली उष्णताही चढलेली असते, आणि झोप लागायला तर आतलं तापमान उतरावं लागतं. ते उतरवायला शरीर रक्त कातडीकडे पाठवत राहतं, म्हणजे हृदयाला काम आलंच. वर उशिराचं पोटभर जेवण, ते पचवायला आणखी काम. झोप उशिरा लागते, उठायची वेळ मात्र दुकान आणि ऑफिस ठरवतं. जी डागडुजी रात्रभरात व्हायची तिला वेळच उरत नाही. त्यात त्या पोराचं कॅफीन. साडेआठला घेतलेल्यातलं साधारण निम्मं मध्यरात्र उलटून गेली तरी अंगात फिरतंय. हे ट्रेनरला माहीत नसेल तर त्याने पैसे घेऊ नयेत, आणि माहीत असून डबा विकत असेल तर त्याहून वाईट.

आता तुम्ही म्हणाल, कित्येक जण रात्री व्यायाम करतात आणि मस्त झोपतात. बरं, झोपतात. हलका, मध्यम व्यायाम असेल तर संध्याकाळी करूनही फारसं बिघडत नाही, हे मान्य. माझं भांडण जोराच्या व्यायामाशी आहे, ज्यात एक वाक्य सलग बोलता येत नाही. मोनाश विद्यापीठाने २०२५ मध्ये हजारो लोकांच्या रात्री तपासल्या, त्यातही हेच निघालं. दमवणारा व्यायाम झोपेच्या चार तास आत संपला की झोप उशिरा आणि नाडी वर. जितका जोराचा आणि जितका उशिरा, तितकं जास्त.

मी मग पुढच्या एका मंगळवारी साहेबांना सांगून पावणेसहाला निघालो. तेच मैदान, तेच आठ राउंड, तोच वेग. सव्वासात वाजता संपवलं, सव्वाआठला जेवलो, साडेअकराला झोपलो. नाडी पंचावन्नवर आली, साडेतीनला. बदलली होती ती व्यायामाची वेळ आणि तिच्यामागून जेवणाची. गुरुवारी पाय माझे होते.

घड्याळ नसलं तरी अंदाज येतो. जाग आल्यावर उठायच्या आधी मनगटावर तीस सेकंद ठोके मोजा, दुप्पट करा, कॅलेंडरवर लिहा. दहा-बारा दिवसांत तुमचा आकडा कळतो. फक्त पहाटेपर्यंत नाडी उतरलेली असू शकते, त्यामुळे आकडा बरा दिसला तरी पाय जड असतील तर पायांचं ऐका. आणि शेजाऱ्याच्या आकड्याशी ताडून पाहू नका. एका रात्रीवरून निकालही लावू नका. ताप येणार असेल, दारू झाली असेल, बायकांना पाळीच्या आधीचे दिवस असतील, तरी नाडी वर राहते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये तर रात्री अकरालाही भिंती गरम असतात, तेव्हा व्यायाम न करताही चार-पाच ठोके वाढलेले दिसतील. डिसेंबरात थंडी असूनही माझी ती गत झाली, मग मे महिन्यात पत्र्याखाली झोपणाऱ्या माझ्या भाच्याचं काय होत असेल?

इथे आलो आणि राग थोडा ओसरला. मला साहेबांना सांगून पावणेसहाला निघता येतं. त्याला येत नाही. "पहाटे उठ" म्हणणं सोपं आहे, पण बाराला झोपून साडेचारला उठला तर व्यायामाची वेळ सुधारली आणि झोप गेली. शिवाय चार-पाच दिवसांनी पाणी येतं तेव्हा पहाटे भांडी भरायला घरात तोच एकटा धडधाकट.

म्हणून संध्याकाळी त्याला परत फोन केला आणि आठवडा मांडला. जोराचे दिवस चार नाहीत, दोनच. एक गुरुवारी, दुकानाच्या सुट्टीला, संध्याकाळी पाचला. दुसरा रविवारी सकाळी साडेसातला, दुकान उघडायच्या आधी. त्यासाठी शनिवारी रात्री जिम बंद, अकराला आडवं व्हायचं. बाकी दोन रात्री जिमला जा, पण वजन असं की आणखी चार वेळा उचलता आलं असतं तिथे थांबायचं, पाऊण तासात बाहेर. कॅफीन रात्री बंद. दुकानातच सात वाजता डबा खा, जिमनंतर दूध-केळं किंवा दोन अंडी, बास.

"ओ मामा, ट्रेनर म्हणेल आळस करतोय."

"म्हणू दे बे. तीन आठवडे कर. रोज सकाळचे ठोके मला पाठव."

चार हजार दिले नाहीत. साधं मनगटी घड्याळही घेऊन देत नाहीये, बोटं आहेत त्याला. आत्ताच मेसेज आला, आज सकाळी मोजले होते म्हणे, चौऱ्याहत्तर. काल रात्री सव्वादहापर्यंत पायांचा व्यायाम होता. तोच पहिला आकडा म्हणून मी लिहून ठेवलाय.