सासूबाई आणि कारणे दाखवा

मंगळवारी संध्याकाळी 5 वाजून 40 मिनिटांनी, मी रिकामा डबा पिशवीत कोंबत असताना, एचआरमधल्या पोराने माझ्या हातात पाकीट ठेवलं आणि दुसऱ्या प्रतीवर सही मागितली. याआधी मला आयुष्यात एकच नोटीस आली होती. ती सोसायटीची, गॅलरीतल्या कुंड्यांबद्दल.

‘आपणाविरुद्ध शिस्तभंगाची कारवाई का करू नये, याचा लेखी खुलासा 72 तासांत सादर करावा.’ आरोप तीन. जुलै महिन्यात 9 दिवस उशिरा येणे, 18 जुलैला परवानगीशिवाय निघून जाणे आणि 22 जुलैला वरिष्ठांशी उद्धट वर्तन. महापे एमआयडीसीतून कोपरीला घरी पोचेपर्यंत गाडीत उभ्या उभ्या मी मनातल्या मनात राजीनामा दिला, मागे घेतला आणि पुन्हा दिला.

रात्री जागून चार पानी उत्तर लिहिलं. त्यात नऊ वर्षांची निष्ठा होती, आईचं आजारपण होतं, साहेबांचा मेहुणा होता आणि शेवटी ‘काही चुकले असल्यास क्षमस्व’ होतं. बायकोने वाचलं आणि म्हणाली, “आईला दाखवू या.”

सासूबाई एका सरकारी कार्यालयात आस्थापना शाखेतून निवृत्त झाल्या आहेत. अशा नोटिसा लिहिण्यात त्यांची हयात गेली. जावयाला आलेली नोटीस त्यांनी ज्या कौतुकाने हातात घेतली, तसं कौतुक आमच्या लग्नातही झालं नव्हतं.

“घेताना सही केलीत, तिथे काय लिहिलंत?”

“नुसती सही.”

“जावईबापू, ‘मिळाली’ लिहून तारीख आणि वेळ टाकायची. 72 तास तिथून मोजायचे.” नशिबाने पोराने स्वतःच वेळ टाकली होती. म्हणजे शुक्रवार, 5 वाजून 40.

मग त्यांनी चार पानं बाजूला सारली. “हे कोणासाठी लिहिलंय?”

“साहेबांसाठी.”

“साहेब वाचत नाहीत. वर्षभराने चौकशी लागली तर फाइल जो वाचेल, तो तुम्हाला ओळखत नसेल. त्याला मेहुणा कशाला?” आणि लाल पेनाने मेहुणा कापला. मागोमाग निष्ठा गेली. आईचं आजारपण मात्र त्यांनी विचारून कापलं: “त्या 9 दिवसांतला एक तरी दिवस त्यामुळे?” नव्हता. “मग विहीणबाईंना यात ओढू नका.” क्षमस्वपाशी पेन थांबलं. “ही लग्नपत्रिका आहे का? चुकलं असल्यास म्हणजे तिन्ही आरोपांखाली तुमची सही.”

पहिल्या आरोपावर दोन रात्री गेल्या. आमची वेळ 9ची, सवलत 10 मिनिटांची. 9 वाजून 10 मिनिटांनंतर थंब लागला की लेट मार्क. आता आमचं पंचिंग मशीन 6 मिनिटं पुढे आहे, हे साऱ्या स्टोअरला ठाऊक आहे. मी त्याच दिवशी मशीन आणि मोबाइल शेजारी धरून फोटोही काढला होता.

“हा फोटो ऑगस्टचा,” सासूबाई म्हणाल्या. “आरोप जुलैचा. जुलैत मशीन पुढे होतं कशावरून?”

मी गप्प. तेवढ्यात गेटवरचा वॉचमन आठवला. तो प्रत्येकाची येण्याची वेळ स्वतःच्या घड्याळात बघून रजिस्टरमध्ये लिहितो. मशीनवर 9:11 दिसतं त्या दिवशी त्याच्याकडे 9:04 असणार, कारण गेटपासून मशीनपर्यंत चालायला एक मिनिट लागतं. मी उत्साहाने म्हटलं, उद्या गुपचूप त्या पानांचे फोटो मारतो.

“म्हणजे चौथा आरोप! कंपनीचं दप्तर कंपनीकडेच मागायचं.”

मग आम्ही 9 दिवस गव्हासारखे निवडायला बसलो. 5 दिवस मशीनवर 9:11 ते 9:15, म्हणजे खरी वेळ 9:05 ते 9:09. दोन दिवस पावसाने गाडी रखडली होती आणि 9 वाजायच्या आत मी साहेबांना तसा मेसेज टाकला होता. उरले दोन. त्या दोन दिवशी मी झोपलो होतो.

“इथे ‘प्रकृती अस्वस्थ’ लिहू?”

“डॉक्टरची चिठ्ठी आहे?”

नव्हती. शेवटी मजकूर असा झाला: ‘आरोप क्र. 1 अंशतः मान्य. 9 व 24 जुलै रोजी मला उशीर झाला. त्यास सबळ कारण नाही. 3 व 15 जुलै रोजी रेल्वे उशिरा धावल्याने उशीर झाला. तसे त्या-त्या दिवशी कळविले होते (परिशिष्ट 1 व 2). उर्वरित 5 दिवसांचा उशीर मान्य नाही. यंत्राची वेळ पुढे असल्याचे माझे म्हणणे असून, गेट रजिस्टरमधील त्या दिवसांच्या नोंदी तपासाव्यात व मला प्रती द्याव्यात.’ झोपेची अशी कबुली देताना जीव वर-खाली झाला. सासूबाईंचं म्हणणं, दोन दिवस सरळ कबूल केले की पाच दिवसांचं ऐकून घेतात.

दुसरा आरोप सोपा होता, कारण 18 जुलैला सुपरवायझरच्या सहीचा गेटपास घेऊनच मी 4 वाजता दाताच्या डॉक्टरकडे गेलो होतो. अडचण एवढीच की माझी प्रत शर्टाच्या खिशात राहून वॉशिंग मशीनमधून फिरून आली होती. तो गुलाबी लगदा मी पुरावा म्हणून जपून आणला, तर तो कचऱ्यात गेला. ‘माझी प्रत खराब झाली आहे, सुरक्षा विभागाकडील दुसरी प्रत पाहावी. डॉक्टरांची पावती परिशिष्ट 3.’ संपलं.

तिसऱ्याला खरी गंमत. नोटिशीत नुसतं ‘उद्धट वर्तन’. शब्द नाहीत, वेळ नाही, कोणासमोर तेही नाही. म्हटलं, सरळ ‘अमान्य’ लिहून टाकू.

“पण बोललात काय?”

मी खाली बघून सांगितलं. लेट मार्कवरून साहेब कँटीनमध्ये बोलायला लागले, तेव्हा मी म्हणालो होतो, “साहेब, घड्याळच पुढे आहे. कंपनी जागच्या जागीच आहे.” भजी खाणारे लोक हसले होते.

सासूबाईही हसल्या. मग पदराने डोळे पुसून पेन उचललं. “बोललात ते नाकारायचं नाही. दहा जणांनी ऐकलंय. एक खोटं सापडलं की बाकीची खरीही बुडतात.” लिहिलं ते असं: ‘नोटिशीत शब्द व साक्षीदार नमूद नाहीत, तपशील मिळावा. माझ्या आठवणीप्रमाणे त्या दिवशी कँटीनमध्ये यंत्राच्या वेळेबद्दल मी तक्रार केली. त्यासोबत कंपनीविषयी केलेली टिप्पणी अनावश्यक होती. तेवढ्याबद्दल मी दिलगीर आहे. अपशब्द वापरलेला नाही.’ ‘तेवढ्याबद्दल’खाली त्यांनी स्वतः रेघ मारली, मग ती खोडून म्हणाल्या, टाइप करताना रेघ नको.

शेवटी ‘स्पष्टपणे मान्य न केलेला मजकूर मान्य समजू नये’ आणि ‘आवश्यक वाटल्यास समक्ष म्हणणे मांडण्याची संधी मिळावी’. चार पानांचं दीड पान झालं. मेल शुक्रवारी दुपारीच पाठवायला लावली, आणि कागदावर पोच घ्यायची ताकीद दिली.

प्रिंटरमध्ये कागद अडकला तरी मोबाइलवर 5:35 झाले असताना मी एचआरच्या टेबलाशी उभा होतो. पोराने माझ्या प्रतीवर शिक्का मारला, वेळ लिहायला मान वर केली, भिंतीवरच्या पंचिंग मशीनकडे पाहिलं आणि वळणदार अक्षरात लिहिलं: 5:41.

“एक मिनिट उशीर झाला हो,” तो म्हणाला.

मी तिथल्या तिथे माझ्या प्रतीचा फोटो सासूबाईंना पाठवला. मेसेजवर वेळ 5:36. लगेच उत्तर आलं: “कागद जपून ठेवा. परिशिष्ट 4.”