ओरखडा

काल हॉलचं डिपॉझिट परत मिळालं. म्हणजे अर्धं मिळालं. बाकीचं अर्धं एका ओरखड्याने खाल्लं. तो ओरखडा आमचा नव्हता, हे मी कालपासून घरातल्या प्रत्येकाला ऐकवतोय. आता घरचे नुसतं ‘हो’ म्हणतात आणि उठून जातात.

चूक माझीच. करारनाम्यावर सही आधी केली आणि वाचला तो कार्यक्रमाला 28 दिवस उरले असताना. केटरर बाहेरचा आणायला त्यांची हरकत नव्हती, फक्त त्याची वेगळी फी भरायची, त्याच्या परवान्याची आणि विम्याची प्रत आधी ऑफिसात द्यायची. आणि खाली बारीक अक्षरात, ‘केटररची माणसे ही आयोजकाचीच माणसे समजली जातील’. म्हणजे फी मी भरायची आणि ताट आपटलं तरी मीच आपटलं.

मी तडक फोन लावला, बुकिंग रद्द करतो म्हणालो. मॅनेजरने शांतपणे कलम वाचून दाखवलं. 90 दिवस आधी रद्द केलं तर चौथाई भाडं जातं, 90 ते 30 दिवसांत अर्धं, आणि 30 च्या आत सगळं. शिवाय फोन मोजत नाहीत, लेखी पत्र त्यांच्या हाती पडेल तो दिवस धरतात. तारीख पुढे ढकलली तरी ते रद्दच.

“आणि आमची तारीख तुम्ही दुसऱ्या कोणाला दिलीत तर?”

“तर आम्हाला आनंद होईल,” तो म्हणाला.

माझे पैसे परत मिळतील का, हे त्या आनंदात बसत नव्हतं. ते करारातच लिहून घ्यायला हवं होतं, पण तेव्हा मी पडद्यांचा रंग बघत होतो.

कार्यक्रम झाला. बरा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी ताबा परत द्यायला गेलो, तर मॅनेजरसोबत एक गृहस्थ उभे. पन्नाशीचे, कानामागे पेन्सिल, हातात रजिस्टर आणि बॅटरी. भर उजेडात बॅटरी. मला वाटलं, वीज गेली असेल.

त्यांनी काही न बोलता गुडघे टेकले, गाल जवळजवळ फरशीला लावला आणि बॅटरी आडवी धरली.

“या साहेब. इथून बघा.”

मी उभ्यानेच बघितलं. काही दिसलं नाही.

“असं नाही दिसायचं. खाली या.”

मग मीही खाली. चांगले कपडे घालून आलो होतो. दोघे गाल टेकवून पडलेलो आणि मॅनेजर आमच्यावरून पाय टाकून फोनवर बोलत पलीकडे गेला. तिरप्या प्रकाशात खरंच ओरखडा दिसला, किचनच्या दारापासून खांबापर्यंत.

“केटररची ट्रॉली,” काका समाधानाने म्हणाले. पेन्सिलीने रजिस्टरात लिहिलं, वळून पुन्हा फरशीकडे पाहिलं आणि ‘लांब’ हा शब्द खोडून ‘अतिलांब’ केला.

मी नखाने ओरखडा उकरला. आत काळा मळ घट्ट बसलेला, वरून पॉलिशचा थर. कालचा ओरखडा फिकट असतो, कडा खरखरीत असतात. यात तर पॉलिश मुरलेलं. “काका, आमची ट्रॉली ओरखडा पाडून वरून पॉलिशही करून गेली का?”

काकांनी बोट फिरवलं, वास घेतला (का, देव जाणे) आणि म्हणाले, “तुमच्या माणसांनी पुसलं असेल. चांगली माणसं आहेत.”

मॅनेजरने ताब्याचा कागद पुढे केला. कार्यक्रमाच्या सकाळी, फुलं उतरवण्याच्या घाईत मी सही केलेला. ‘हॉल संपूर्ण सुस्थितीत मिळाला.’ खल्लास. त्या सकाळी फरशीचे चार फोटो काढले असते तर भांडता आलं असतं. माझ्याकडे फोटो होते, पण सगळ्यांत फरशीवर कोणीतरी हसत उभं होतं.

कापले ते मात्र त्या एका ओरखड्याचे नाहीत, अख्ख्या हॉलच्या पॉलिशचे. रोजच्या वापराने होणारी झीज वगळावी, असं वाक्य आमच्या करारात कुठेच नव्हतं. खर्चाची बिलं मागितली, तर म्हणे काम झाल्यावर देऊ. काम कधी? ‘सीझन संपला की.’ म्हणजे पुढचे सगळे कार्यक्रम त्याच ओरखड्यावर.

राहिलेले पैसे घ्यायला काल गेलो, तर टेबलाशी एक जोडपं बसलेलं. मॅनेजरने त्यांच्यापुढे तोच कागद सरकवला. “सही करा, फॉर्मॅलिटी आहे.”

मला राहवलं नाही. “आधी किचनच्या दारापाशी जरा वाकून बघा,” मी म्हणालो.

बाईंनी काकांकडे बॅटरी मागितली.

“सेल गेलेत,” काका म्हणाले आणि बॅटरी खिशात घातली.