सेव्ह कोण करतं, यावर धडधड ठरत नाही

"पूर्वी हाताने सेव्ह करावं लागायचं म्हणून जीव मुठीत असायचा. ऑटोसेव्ह आला आणि गेममधली भीतीच मेली."

असं नेहमी ऐकू येतं. पण हाताने सेव्ह करणं तर सगळ्यात सुरक्षित, जर हवं तेव्हा करता येत असेल. जुन्या पीसी शूटरमध्ये आम्ही प्रत्येक दारापुढे क्विकसेव्ह मारायचो. मेलो की एक बटण, पुन्हा त्याच दारात. गमवायला काही उरतच नव्हतं. १९९६च्या 'रेसिडेंट इव्हिल'मध्ये भीती वाटायची, कारण तिथे टाइपरायटरवर एकदा सेव्ह केलं की शाईची एक रिबन खर्च व्हायची. रिबन मोजक्याच. त्यात क्रिस हे पात्र घेतलं तर त्याच्याकडे सामानाची घरं फक्त सहा; रिबन जवळ ठेवली तर एक घर तिनेच अडवलं.

ऑटोसेव्ह म्हणजे अभय, हे म्हणणाऱ्याने 'डार्क सोल्स' खेळलेला नसावा. तो सतत स्वतःच सेव्ह होतो, आणि त्याचाच तर धाक आहे. माझा भाचा उन्हाळ्यात कूलरपुढे बसून खेळत होता. शत्रू मारून मिळणारे, खर्चायला लागणारे बारा हजार सोल्स जमले आणि एका पुलावर मेला. सोल्स तिथेच पडून राहतात आणि आपण शेवटच्या बॉनफायरपाशी, म्हणजे जिथे विसावलो त्या शेकोटीपाशी, उठतो. परत जाऊन उचलायचे, पण वाटेत पुन्हा मेलो तर कायमचे गेले. तो दुसऱ्यांदा मेलाच. "मामा, जुना सेव्ह लोड करतो." अरे बावा, जुना आहेच कुठे? मरण त्याच क्षणी लिहिलं गेलं होतं. हाताने भरायचे दहा स्लॉट असते तर ती पुलावरची धडधड झालीच नसती.

तिसरं, गेलेला वेळ आणि वाटलेली भीती एकच धरली जातात. नागपुरात मे महिन्यात भर दुपारी लाईट गेली की हाताने सेव्ह करायच्या गेममधले दोन तास जातात, पण तेव्हा येतो तो राग. 'एलियन: आयसोलेशन'मध्ये सेव्ह करायच्या स्टेशनवर कार्ड घातलं की तीन बीप होईपर्यंत थांबावं लागतं, आणि तेवढ्यात एलियन मागून येऊ शकतो. आत्ता सेव्ह करू की लपू, हे ठरवणं आपल्या हातात असतं, म्हणून घाम फुटतो. लाईट आपल्याला विचारून जात नाही.

एवढं मात्र मान्य: दर दोन मिनिटांनी चेकपॉइंट, त्यावर पूर्ण हेल्थ आणि गोळ्याही परत, असं असेल तर धाक पातळ होतोच. उलट टोकाला, एकच ऑटोसेव्ह स्लॉट असतो आणि नेमकी हेल्थ संपत आलेली, शत्रू अंगावर आलेला असताना गेम सेव्ह होतो. लोड केलं की सेकंदात मरण, पुन्हा लोड, पुन्हा मरण. काही गेम यासाठी दोन-तीन ऑटोसेव्ह आळीपाळीने ठेवतात. 'स्कायरिम'मध्ये ते तीन आहेत. तुमच्या गेममध्ये एकच असेल आणि हाताने सेव्ह करायची सोय असेल, तर मोठ्या लढाईआधी एक वेगळा स्लॉट भरून ठेवा.