धडा छोटा करताना काय गाळायचं? एका ताईने वीस मिनिटांत सांगितलेलं

रविवारी सोलापुरातल्या एका अभ्यासिकेत, यंदा स्पर्धा परीक्षेच्या यादीत अगदी वर नाव असलेली एक मुलगी ज्युनिअर मुलांशी बोलली. जेमतेम वीस मिनिटं. हारतुरे नाहीत, 'माझा प्रवास' नाही. विषय एकच होता, धडा छोटा करताना काय सोडून द्यायचं. समोर मुलं अक्कलकोटची, मंगळवेढ्याची, मोहोळची, आणि उदाहरण आठवीच्या इतिहासातल्या सविनय कायदेभंग चळवळीच्या धड्याचं. इतिहास शिकवणारा माणूस म्हणून मला ते बोलणं नोंदवून ठेवावंसं वाटलं. एका ठिकाणी माझं मत वेगळं आहे, तेही लिहितो.

तिचं पहिलं म्हणणं असं, की धडा उघडायच्या आधी त्या धड्यावर आजवर आलेले वस्तुनिष्ठ प्रश्न एका कागदावर उतरवा. उत्तरं नकोत, फक्त प्रश्नाची जात लिहा. या धड्यावर साधारण तीन जाती येतात. घटना कालक्रमाने लावा, जोड्या जुळवा, आणि चुकीचं विधान ओळखा. आता ही जात पाहिली की तपशील किती बारीक ठेवायचा ते कळतं. कालक्रमाला बहुतेक वेळा महिना पुरतो. पण मुलं सगळ्या तारखा लिहितात आणि मग टिपणच अर्ध्या धड्याएवढं होतं.

म्हणून तिचा नियम सोपा होता. महिना आणि वर्ष ठेवा, तारीख गाळा. तारीख तेव्हाच ठेवा जेव्हा एकाच महिन्यात दोन घटना येतात. या धड्यात असे दोनच महिने त्रास देतात, एप्रिल आणि मे १९३०. एप्रिलमध्ये ६ तारखेला दांडीला मिठाचा कायदा मोडला आणि २३ तारखेला पेशावर पेटलं. मेमध्ये ५ ला गांधीजींना अटक, ६ ला सोलापुरात हरताळ, २१ ला धारासना. या पाच तारखा ठेवायच्या. बाकीच्या ठिकाणी 'डिसेंबर १९२९ लाहोर, पूर्ण स्वराज्य' एवढंच बास. दांडीयात्रा किती दिवस चालली हेही वेगळं लिहायचं नाही. १२ मार्चला साबरमतीहून निघाले आणि ५ एप्रिलला पोचले, तर दिवस मोजता येतातच.

इथे एका मुलाने विचारलं, "ताई, अटकेची तारीख एका पुस्तकात ४ मे दिलीय, एकात ५. मग दोन्ही लिहू का?" ती म्हणाली, "नको. मध्यरात्रीच्या सुमाराची अटक आहे, म्हणून दोन्ही छापतात. एक धर. ४ धरलीस तरी सोलापूरच्या आधीच येते ना, क्रम कुठे बदलतो?" हे उत्तर मला फार पटलं. दोन आकडे लिहून ठेवणारा मुलगा परीक्षेत त्या दोघांमध्येच अडकून बसतो.

दुसरा भाग खरा महत्त्वाचा होता. जे उरलेल्या मजकुरातून पुन्हा काढता येतं, ते गाळायचं. तिने गोलमेज परिषदांचं उदाहरण घेतलं. तीन परिषदा, कोणीला कोण हजर, कोण गैरहजर, याचा तक्ता बहुतेक टिपणांत असतो. तिच्या टिपणात तो नव्हता. तिने चारच गोष्टी लिहिल्या होत्या. गांधीजी मे १९३० ते जानेवारी १९३१ तुरुंगात. गांधी-आयर्विन करार मार्च १९३१. चळवळ पुन्हा सुरू आणि गांधीजी पुन्हा तुरुंगात जानेवारी १९३२. परिषदांचे महिने नोव्हेंबर १९३०, सप्टेंबर १९३१, नोव्हेंबर १९३२.

आता यावरून तक्ता आपोआप बनतो. पहिल्या परिषदेच्या वेळी गांधीजी आत, म्हणजे काँग्रेस नाही. दुसरीच्या आधी करार झालेला, म्हणजे गांधीजी गेले. तिसरीच्या वेळी पुन्हा आत, म्हणजे काँग्रेस पुन्हा नाही. मात्र डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिन्ही परिषदांना हजर होते, हे वरच्या चार ओळींतून कोणी काढू शकत नाही. म्हणून ते लिहायचंच. मुलं नेमकं उलटं करतात. तक्ता सुबक काढतात, आणि तक्त्याच्या बाहेरची ही एक ओळ 'लक्षात आहे की' म्हणून सोडतात.

पुणे कराराचंही तसंच. १४८ राखीव जागा हा आकडा ठेवायचा, प्रांतवार वाटणीची यादी सोडायची. जातीय निवाडा ऑगस्ट १९३२ आणि करार सप्टेंबर १९३२, एवढे महिने असले की कशाच्या विरोधात कशासाठी करार झाला हा क्रम हाताशी राहतो.

मग ती चुकीच्या गाळणीकडे वळली. हा भाग मी वर्गातही सांगणार आहे. टिपणात एक ओळ हमखास सापडते, 'गांधीजींच्या अटकेनंतर पेशावर, सोलापूर, धारासना येथे उठाव'. दिसायला किती छान! तीन घटना एका ओळीत. पण ओळ चुकीची आहे. पेशावर २३ एप्रिलचं, म्हणजे गांधीजींच्या अटकेच्या जवळजवळ दोन आठवडे आधीचं. तिथे लोक रस्त्यावर आले ते खान अब्दुल गफारखान यांच्या अटकेमुळे. सोलापूर आणि धारासना मात्र खरोखर ५ मेच्या अटकेला बांधलेले आहेत. सोलापुरातला हरताळ त्या बातमीमुळेच, आणि धारासनेला गांधीजी स्वतः जाणार होते, ते आत गेल्यामुळे आधी अब्बास तय्यबजी आणि त्यांनाही पकडल्यावर सरोजिनी नायडू पुढे आल्या.

असं का होतं, तर धड्यात पेशावर, सोलापूर, धारासना हे परिच्छेद शेजारी शेजारी असतात. गाळताना मधलं कारण गेलं की शेजारचं कारण त्याला चिकटतं. म्हणून तिचा सल्ला असा, की दोन-तीन घटना एका ओळीत बांधण्याआधी प्रत्येकीमागे 'कशामुळे' हा शब्द लावून बघा. तिघींना एकच उत्तर आलं तर बांधा. नाही आलं, तर वेगळी ओळ, जागा गेली तरी चालेल. तिच्या टिपणात पेशावर वेगळं होतं आणि पुढे एवढंच, 'गफारखान, चंद्रसिंग ठाकूर, गोळीबारास नकार'. ही नावं जोड्या जुळवायला लागतात म्हणून राहिली. गढवाल पलटणीतल्या सैनिकांना झालेल्या शिक्षांचा मजकूर गेला.

मग आपल्या गावाचा प्रश्न निघालाच. मागून एक मुलगी म्हणाली, "ताई, सोलापूरचं तर आपल्याला पाठच आहे की. ते सोडलं तर चालतंय ना?" हसू आलं सगळ्यांना. चार हुतात्मा चौकातून रोज जाणाऱ्या मुलांना मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा ही नावं कशाला लिहायची? ताईने उत्तर न देता कागद वाटले आणि सांगितलं, घटना मागेपुढे लावा: हरताळ, शंकर शिवदारेंचा मृत्यू, मार्शल लॉ, फाशी. आणि प्रत्येकापुढे वर्ष टाका. बऱ्याच कागदांवर फाशीपुढे १९३० होतं. फाशी येरवड्याला १२ जानेवारी १९३१ ला झाली.

म्हणजे नावं खरंच पाठ होती आणि ती गाळायला हरकत नव्हती. वर्ष मात्र कोणाच्या डोक्यात बसलेलं नव्हतं, कारण गावात आपण 'तीसचं आंदोलन' म्हणतो आणि सगळं तीसमध्येच घालतो. ओळखीच्या मजकुरात नावं आणि जागा पक्क्या असतात, क्रम आणि वर्ष कच्चं असतं. म्हणून 'हे तर माहीतच आहे' असं वाटलं की आधी कोऱ्या कागदावर लिहून बघायचं. जे बरोबर आलं ते गाळा, जे चुकलं तेवढंच ठेवा. शेवटी सोलापूरवर तिच्या टिपणात सात-आठ शब्द उरले: 'हरताळ ६ मे, शिवदारे, मार्शल लॉ, फाशी जाने. १९३१'.

आता माझा मतभेद. 'महिना ठेवा, तारीख गाळा' हा तिचा नियम मी एका जागी मोडीन. या धड्यात बारा तारीख चार वेळा येते. १२ मार्चला दांडीयात्रा निघाली, १२ नोव्हेंबरला पहिली गोलमेज परिषद सुरू झाली, १२ डिसेंबरला मुंबईत बाबू गेनूने बलिदान दिलं, आणि १२ जानेवारीला आपल्या चौघांना फाशी. तिचं म्हणणं, क्रम लावायला महिने पुरतात, मग बारा कशाला हवेत? बरोबर आहे. पण मुलांनी ही तारीख कुठे ना कुठे ऐकलेली असतेच, आणि विधान ओळखण्याच्या प्रश्नात '१२ डिसेंबर' दिसलं की गोंधळ उडतो. चारही एकाच ओळीत लिहिल्या तर एका आकड्यात चार तारखा मिळतात, आणि महिन्यांचा क्रमही त्याच ओळीत येतो. ती हे ऐकून म्हणाली, "सर, ओळ चालेल, पण वेगळा चौकोन नको." ठीक आहे, चौकोन नको.

टिपण झाल्यावर तपासायचं कसं, हे तिने घाईत सांगितलं, मी जरा सविस्तर लिहितो. टिपण लिहून लगेच वाचायचं नाही, कारण धडा अजून डोक्यात ताजा असतो आणि काहीही गाळलेलं असलं तरी पुरेसं वाटतं. चार-पाच दिवस जाऊ द्यायचे. मग पुस्तक मिटून, फक्त टिपण समोर ठेवून धडा तोंडी सांगायचा. जिथे अडलं तिथेच पुस्तक उघडायचं आणि अडवणारा एकच शब्द दुसऱ्या शाईने टिपणात घालायचा. पूर्ण वाक्य घालायचं नाही, नाहीतर दोन फेऱ्यांत टिपण पुन्हा धड्याएवढं होतं. उलट, टिपणातल्या ज्या ओळीकडे सांगताना डोळाच गेला नाही, ती पुढच्या वेळी खोडायची. शाई कुठे वाढतेय यावरून कळतं की आपण काय चुकीचं गाळतो. कोणाची कारणं सुटतात, कोणाची नावं.

याच कारणाने तिने स्वतःच्या टिपणाचा फोटो काढू दिला नाही. दोन-तीन मुलं नाराज झाली. पण तिने जे गाळलंय ते तिला येत होतं म्हणून गाळलंय. दुसऱ्याच्या हातात तो कागद म्हणजे अर्धवट धडाच. तिने प्रश्नांच्या जातींचा कागद मात्र दिला, त्याच्या झेरॉक्स झाल्या.

एक मर्यादा तिने सांगितली नाही, ती मी जोडतो. हे सगळं वस्तुनिष्ठ पेपरासाठी आहे. वर्णनात्मक उत्तर लिहायचं असेल तर गाळण उलटी फिरते. तिथे चंद्रसिंग ठाकूर हे नाव विसरलं तर भागतं, पण मिठासारखी साधी वस्तू चळवळीसाठी का निवडली, गिरणी कामगारांच्या सोलापुरात हरताळ एवढा का पेटला, हे परिच्छेद खोडून चालत नाही. त्या पेपरासाठी वेगळा कागद करावा लागतो, आणि तो एका पानात बसत नाही.