मार्चअखेर बघा आणि निवांत झोपा

मालक, आधी अभिनंदन. मोंढ्यात कृषी सेवा केंद्र, वर्षाची विक्री 3 कोटी 65 लाख, म्हणजे दिवसाला सरासरी 1 लाख. सीझनमध्ये गिऱ्हाइकांची रांग फाटकापर्यंत जाते. अशा माणसाला कुणी सीए येऊन सांगू लागला की तुमचा पैसा 135 दिवस अडकून पडतो, तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

तरी तो काय म्हणतो ते एकदा ऐकून ठेवा, म्हणजे नाही म्हणायला सोपे जाते. तो तीन आकडे विचारतो. गोदामात माल किती दिवस बसतो, शेतकऱ्याकडे उधारी किती दिवस राहते आणि कंपनीचे पैसे तुम्ही किती दिवसांनी देता. पहिल्या दोनची बेरीज करून त्यातून तिसरा वजा करतो आणि त्याला कॅश कन्व्हर्जन सायकल म्हणतो. तुमच्या दुकानात 100 रुपयांच्या विक्रीत माल 90 रुपयांचा, म्हणजे रोज 90 हजारांचा माल जातो. वर्षभराच्या महिनाअखेरच्या आकड्यांची सरासरी घेतली तर साठा 54 लाखांचा, म्हणून 60 दिवस. उधारी 1 कोटी 20 लाख, म्हणून 120 दिवस. कंपन्यांचे देणे साडेचाळीस लाख, म्हणून 45 दिवस. साठ अधिक एकशेवीस वजा पंचेचाळीस. एकशेपस्तीस.

आता हा आकडा कसा पुसायचा ते ऐका. सरासरी काढूच नका. फक्त 31 मार्चचा आकडा घ्या, ताळेबंदात तोच असतो आणि ताळेबंदावर सीएची सहीही असते. मृगाच्या आधी भरलेले बियाणे आणि खत जून-जुलैत उधारीवर गेले. सोयाबीन काढणीला दसरा उजाडला, कापसाची वेचणी संक्रांतीपर्यंत चालली. मार्च येईस्तोवर जे यायचे ते येऊन गेले आणि खरिपाचा नवा माल अजून भरायचा आहे. वर्षभरात दुकान इतके सडसडीत कधीच नसते. त्या दिवशी उधारी 40 लाख, म्हणजे 40 दिवस. साठा 27 लाखांचा, म्हणजे 30 दिवस. कंपन्यांची बिले एप्रिलपर्यंत थोपवून धरली तर देणे 45 लाख, म्हणजे 50 दिवस. चक्र उरले 20 दिवसांचे. लगेच फ्रेम करून गल्ल्यामागे लावा. ऑगस्टअखेर उधारी 2 कोटी 10 लाख असते हे खरे, पण ऑगस्टात कुणी ताळेबंद मागत नाही.

एवढ्यानेही कुणाचे समाधान झाले नाही, तर साठ्याचे दिवस काढताना भागाकार खरेदीने न करता विक्रीने करा. 54 लाखांना रोजच्या 1 लाखाने भागले की 54 दिवस. एक पोतेही न हलवता सहा दिवस वाचले. (असा हिशोब करणारे तुम्ही एकटे नाही, एवढाच यातला दिलासा.)

उधारीच्या बाबतीत तर मन मोठेच ठेवा. "देतो की मालक, पळून चाललो का मी?" असे म्हणणारा माणूस खरेच पळून जात नाही. गावातच असतो, पुढच्या वर्षी दुसऱ्या दुकानातून माल नेतो. त्याचे खाते तुमच्या वहीत जिवंत राहते आणि 120 च्या सरासरीत चांगल्या गिऱ्हाइकांच्या आडोशाला बसते. दसऱ्याला न चुकता देणारा शंभर दिवसांत मोकळा होतो आणि दोन वर्षांपूर्वीचे जुने खातेही त्याच सरासरीत मोजले जाते. खात्यांची वयानुसार यादी करून 90 दिवसांआतले आणि त्यापुढचे वेगळे काढले की हे उघडे पडते. म्हणून ती यादी करू नका.

बँकवाला मात्र ती करतो, हा त्याचा वाईट स्वभाव. कॅश क्रेडिटची मर्यादा मंजूर कितीही असो, उचल साठा आणि उधारीच्या दरमहा स्टेटमेंटवर ठरते, आणि बहुतेक बँका 90 दिवसांपुढची उधारी त्यात धरत नाहीत. जूनची उधारी सप्टेंबर संपेपर्यंत नव्वदी ओलांडते. नेमके तेव्हाच हरभऱ्याचे बियाणे आणि रब्बीचे खत भरायचे असते. शेतकऱ्याचे सोयाबीन अजून रानात किंवा मोंढ्यात भाव बघत थांबलेले, आणि तुमची उचल आटलेली. विक्री जास्त, वहीत नफा भरपूर आणि गल्ल्यात रोकड नाही, असा हा दुर्मीळ योग दरवर्षी येतो. पंचांगात का छापत नाहीत कळत नाही.

मग पैसा आणायचा कुठून? कंपन्यांकडून. देणे लांबवा. देण्याचे दिवस वाढले की चक्र आपोआप लहान होते, कागदावर तर नक्कीच. आता कंपनीची एक साधी अट धरा. 7 दिवसांत पैसे भरले तर 3 टक्के सूट, नाही तर 45 दिवसांत पूर्ण रक्कम. तुम्ही अर्थातच 45 दिवस घ्या. 97 रुपये 38 दिवस वापरायला 3 रुपये दिले, ते वर्षाच्या हिशोबात जवळपास 30 टक्के व्याज पडते. बँक 10 टक्क्यांनी देते, पण बँकेला कागद लागतात आणि कंपनीच्या सेल्समनला फक्त नमस्कार लागतो. त्याच्याही पुढे ताणायचे असेल तर खुशाल ताणा. बिलाच्या तारखेपासून 180 दिवसांत पैसे गेले नाहीत तर त्यावर घेतलेले जीएसटीचे क्रेडिट व्याजासह परत करावे लागते, आणि कीटकनाशकावर तो कर 18 टक्के आहे. पण तोवर कंपनीने माल देणेच बंद केलेले असेल, त्यामुळे साठ्याचे दिवसही खाली येतील.

शेवटी तो सीए नफ्याचा हिशोब मांडेल, तेव्हा कान बंद ठेवा. तो म्हणेल, 3 कोटी 65 लाखांच्या विक्रीवर साडेछत्तीस लाखांचा ढोबळ नफा. भाडे, पगार, हमाली, गाडीभाडे मिळून 20 लाख गेले, उरले साडेसोळा. साठा आणि उधारी मिळून 1 कोटी 74 लाख, त्यातून कंपन्यांचे देणे वजा केले तर 1 कोटी साडेतेहतीस लाख अडकलेले. ते सगळे कॅश क्रेडिटवर असतील तर 10 टक्क्यांनी 13 लाख 35 हजार व्याज. मालकाच्या हाती उरले 3 लाख 15 हजार, वर्षभर पहाटे गोदाम उघडण्याचे. यातले काही पैसे घरचे असतील तर तेवढे व्याज लागत नाही, आणि घरचा पैसा फुकटच असतो, असे आपण आजपर्यंत मानत आलो आहोत.

मग तो हळूच विचारेल, उधारीचे दिवस 120 वरून 100 वर आणले तर? दिवसाला 1 लाख, म्हणजे 20 लाख मोकळे झाले आणि वर्षाचे 2 लाख व्याज वाचले. म्हणजे तुमच्या 3 लाख 15 हजारांचे 5 लाख 15 हजार होतात, एक रुपयाची विक्री न वाढवता. त्यासाठी करायचे काय, तर जुन्या खात्याला जूनमध्ये नवे बियाणे देण्याआधी निम्मी बाकी मागायची, आणि रोख नेणाऱ्याला बॅगेमागे थोडी सूट द्यायची. आता तुम्हीच सांगा, मोंढ्यात अशी भाषा कुणी बोलते का? परवा शेजारच्या दुकानदाराने जुन्या बाकीसाठी एका पाहुण्याला बियाणे नाकारले. तो पाहुणा थेट तुमच्याकडे आला, आणि तुम्ही त्याला पाच बॅगा दिल्या. उधार.