बाहेर x उरला की तो इंटिग्रलबाहेर काढायचा? कुणी सांगितलं?

"इंटिग्रेशनची ३० सेकंदांची ट्रिक!! १) रूटमध्ये, कंसात किंवा छेदात जे असेल ते डोळे झाकून t धरा. २) बाहेरचा भाग डेरिव्हेटिव्हशी पूर्ण जुळत नसेल तर जास्तीचं इंटिग्रलच्या बाहेर काढा, झालं! ३) लिमिट्स शेवटी जशाच्या तशा टाका. बारावीच्या मुलांना नक्की पाठवा."

पाठवलं ना कुणीतरी. माझ्या भाचीला. काल ती वही घेऊन आली, "मामा, उत्तर ऑप्शनमध्येच नाहीये." गणित होतं ∫ x³√(x²+1) dx.

आधी दुसरा मुद्दा, कारण खरी वाट तिथेच लागलीये. यात अर्धं खरं आहे हे नाइलाजाने मान्य करतो. नुसता आकडा कमी पडत असेल तर काही बिघडत नाही. ∫ x cos(x²) dx मध्ये २ हवा होता, नाहीये, मग आत २ ने गुणा आणि बाहेर ½ लिहा, (½) sin(x²) + C. आकडा इंटिग्रलमधून आत-बाहेर करता येतो. पण x हा आकडा नाही, तोच तर बदलतोय! तो बाहेर काढून ठेवता येत नाही.

भाचीने काय केलं बघा. t = x²+1, dt = 2x dx. हवा होता x, होता x³, म्हणजे x² जास्तीचा. फॉरवर्डप्रमाणे तो बाहेर काढला आणि उत्तर आलं (x²/3)(x²+1)^(3/2). दिसायला एकदम झकास. म्हटलं आता याचं डिफरन्शिएशन कर. प्रॉडक्ट रूल लावल्यावर x³√(x²+1) आलं खरं, पण सोबत (2x/3)(x²+1)^(3/2) असा आगंतुकही आला. एवढंही नको असेल तर ० ते १ लिमिट्स टाका, हे उत्तर ०.९४ देतं. आता ० ते १ मध्ये x³√(x²+1) कधीच √2·x³ च्या वर जात नाही, म्हणजे क्षेत्रफळ √2/4, साधारण ०.३५ च्या पुढे जाऊच शकत नाही. आणि ट्रिक म्हणते ०.९४!

बरोबर काय, तर जास्तीचा x² बाहेर हाकलायचा नाही, त्याला t मध्येच लिहायचं. x³ dx = x²·x dx, त्यातला x dx म्हणजे dt/2 आणि x² म्हणजे t−1. मग

½ ∫ (t−1)√t dt = t^(5/2)/5 − t^(3/2)/3 + C

शेवटी t च्या जागी x²+1. ० ते १ मध्ये हे 2(√2+1)/15 येतं, म्हणजे ०.३२. बसलं ०.३५ च्या आत.

आणि ही ट्रिक खरी असती तर ∫ e^(x²) dx पण सुटलं असतं, 1/(2x) बाहेर काढा आणि e^(x²)/(2x) लिहून मोकळे व्हा. लिऊव्हिल नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने १८३० च्या दशकात जी पद्धत दिली तिने सिद्ध होतं की याचं उत्तर नेहमीच्या फंक्शन्समध्ये लिहिताच येत नाही, पण फॉरवर्डवाल्याला ते ३० सेकंदात जमतं.

पहिला मुद्दा. बऱ्याचदा चालतो, पण "डोळे झाकून" मुळीच नाही. ∫ x/(x⁴+1) dx घ्या. छेद t धरलात तर dt = 4x³ dx, वर फक्त x आहे, अडकलात. उलट वर x dx उरलाय म्हणजे तो कुणाच्या डेरिव्हेटिव्हसारखा दिसतोय? x² च्या. मग t = x², छेद t²+1 आणि उत्तर ½ tan⁻¹(x²) + C. म्हणजे आतलं फंक्शन ठरवताना आधी बाहेर काय उरलंय ते बघायचं. डेरिव्हेटिव्ह वेगळं काढल्यावर राहिलेलं t मध्ये सरळ लिहिता आलं तर निवड बरोबर. x⁵√(x³+1) मध्ये x² वेगळा काढा, उरतो x³, तो t−1, सुटलं. पण x²√(x²+1) मध्ये x काढल्यावर नुसता x उरतो, तो √(t−1) होतो आणि एकाच्या जागी दोन रूट गळ्यात पडतात. तिथे x = tan θ धरा, हट्ट करू नका.

तिसऱ्यावर वेळ घालवत नाही. x परत आणलात तर जुन्या लिमिट्स चालतील, t मध्येच राहिलात तर ० ते १ च्या १ ते २ करा. भाचीने दुसऱ्यांदा सोडवताना t मध्ये राहून ० ते १ च टाकल्या आणि उत्तर आलं −2/15. पूर्ण पॉझिटिव्ह फंक्शनचं!